रडं थांबल्यावरचा तास

मार्चमध्ये चिंचा पिकल्या की आमच्या कॅज्युअल्टीत कोपरं यायला लागतात. सावंगीला वर्धा-यवतमाळ रस्त्यावर नोकरी करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती ऋतू असेच ओळखते. पोळ्याच्या आसपास बैलगाडीवरून पडलेली मुलं, परीक्षा संपल्यावर सायकलीवरून पडलेली, आणि चिंचेच्या दिवसांत झाडावरून पडलेली. पाच ते आठ वर्षांचं पोर हात पसरून पडतं आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं. हे मोडणं फार दुखतं. बाईकवर बापाच्या आणि काकाच्या मधे बसून वीस किलोमीटर आलेल्या मुलाला ते किती दुखतं, हे प्रत्येक गतिरोधकाला कळलेलं असतं.

त्या दिवशी दुपारी पावणेचारला जो आला, तो आठ वर्षांचा होता. देवळीच्या पलीकडल्या गावचा. हाताला लाकडाची फळी लावून वर आजीचा दुपट्टा गुंडाळलेला. गावातल्या कुणी तरी ते फार चांगलं बांधलं होतं, घट्ट नाही, ढिलं नाही. पोरगा ओरडत नव्हता. घसा बसला होता, नुसता श्वासाबरोबर एक बारीक आवाज येत होता. मागनं आजी दुसऱ्या गाडीवर आली, ती मात्र ओरडत होती.

"सिस्टर, काई तरी द्या हो. पोट्टं कवाचं तडफडून ऱ्हायलं."

वेदना किती, हे मोजायला आमच्याकडे सहा चेहऱ्यांचं कार्ड असतं, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. मी कार्ड धरायच्या आत त्यानं चांगल्या हातानं शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दहापैकी दहा.

इतक्या वेदनेला गोळी किंवा सिरप पुरत नाही. मॉर्फिन शिरेतून देता येतं, पण त्यासाठी आधी शीर हवी, आणि थरथरणाऱ्या मुलाची शीर शोधायला दोन माणसं, तीन टोचे आणि दहा मिनिटं लागतात. म्हणून फेंटानिल नाकातून. नाकाच्या आतलं कातडं पातळ असतं, त्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, औषध तिथून थेट रक्तात जातं. पोटातून गेलं तर त्यातला बराच भाग यकृत गाळून टाकतं, ते इथं टळतं. २००७ साली ऑस्ट्रेलियात पर्थला मोडलेल्या हाडाच्या ६७ मुलांवर हे तपासून पाहिलं गेलं. निम्म्यांना नाकातून फेंटानिल आणि निम्म्यांना शिरेतून मॉर्फिन दिलं, तर वेदना कमी होण्यात फरक दिसला नाही. आपल्याकडच्या ॲम्प्यूलवर नाकाचा उल्लेख नसतो, ते इंजेक्शन म्हणूनच येतं. नाकातून देणं ही वैद्यकीय प्रथा आहे, छापील सूचना नव्हे. म्हणून डॉक्टरांचा लेखी आदेश आल्याशिवाय मी कपाटाला हात लावत नाही.

आमच्या रेसिडेंट मॅडमनी आधी तपासून घेतलं. डोकं आपटलं का, बेशुद्ध झाला होता का, उलटी झाली का, पोट दुखतं का. डोक्याला मार असून मुलगा सुस्त असेल तर हे औषध नाही, कारण मग सुस्ती औषधाची की डोक्याची, हे कुणालाच सांगता येत नाही. नाकातून रक्त येत असेल किंवा नाक चोंदलेलं असेल तरी उपयोग नाही. मग मनगटावर नाडी पाहिली, लागत होती. बोटं गरम आणि गुलाबी. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगितलं, त्यानं तो केला, रडतरडत केला. ही तपासणी औषधाच्या आधीच होते. कोपराच्या या मोडीत मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी दबू शकते, आणि झोपाळलेलं पोर बोटं हलवून दाखवत नाही. आधी हलत होती की नाही, हे लिहिलेलं नसेल तर नंतर वाद घालत बसावं लागतं.

मॅडमनी विचारलं, "वजन किती?"

बाप म्हणाला, "असंन मॅडम, पंचवीस-तीस."

बापांना आपल्या पोरांचं वजन नेहमी जास्तच वाटतं. त्यात त्यांची चूक नाही, ते रोज उचलतात. आमच्या पुस्तकांतली सूत्रंही फार वेगळी वागत नाहीत. सहा ते बारा वर्षांसाठी एक सूत्र आहे, वयाची तिप्पट अधिक सात. आठ वर्षांच्या मुलाला त्यानं ३१ किलो येतात. जुनं सूत्र आहे, वयात चार मिळवून दुप्पट, ते २४ म्हणतं. ही सूत्रं परदेशातल्या मुलांवरून बसवलेली. इथल्या शेतमजुराच्या पोराला लावली की आकडा फुगतो. पोर बारकं असेल तर फारच फुगतो. काटा दहा पावलांवर असताना सूत्र वापरायचं कशाला?

हात फळीवर बांधलेला मुलगा काट्यावर उभा राहत नाही, पण बाप राहतो. बापानं त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग मुलाला कॉटवर ठेवून एकट्यानं उभं राहायचं. दोघांचे ७८.२, एकट्याचे ५७.८. वजाबाकी २०.४. फळी आणि दुपट्टा सोडून २०. चपला दोन्ही वेळी पायात होत्या, हे मी मुद्दाम पाहिलं. पहिल्यांदा चपलेसकट आणि दुसऱ्यांदा चपला काढून, असं एकदा माझ्यासमोर झालंय, तेव्हा वजाबाकीत चपलाही पोराच्या नावावर गेल्या होत्या.

आता हिशेब. नाकातून फेंटानिलची पहिली मात्रा किलोला १.५ मायक्रोग्रॅम. २० किलोला ३० मायक्रोग्रॅम. सूत्रानं ३१ किलो धरले असते तर ४६ च्या वर गेलो असतो, म्हणजे या पोराला किलोमागे २.३. हे आकडे कागदावर जवळजवळ दिसतात, पण एका लहानग्या छातीला ते दीडपट आहे. आणि एकक तोंडानं पूर्ण म्हणायचं: मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम म्हणालात तर हजारपट. म्हणून मॅडमनी फाइलवर आकड्याशेजारी शब्दांतही लिहिलं, आणि मी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

कपाटाला दोन किल्ल्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं हे औषध फार जपून ठेवावं लागतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर फेंटानिल अत्यावश्यक मादक औषधांच्या यादीत आलं आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं, पण रजिस्टर काही सुटलं नाही. ते सुटूही नये. एक ॲम्प्यूल काढलं, दोन मिलीचं, एका मिलीत ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे आत एकूण १००. ३० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.६ मिली.

इथं नवीन मुली हमखास चुकतात. ०.६ मिली भरतात, फवारतात, आणि मुलाला सहावा भाग औषध कमी मिळतं. कारण सिरिंजच्या टोकाला जो फवारा बसवतो, मऊ शंकूचा ॲटोमायझर, त्याच्या पोटात साधारण ०.१ मिली अडकून राहतं. ते बाहेर येतच नाही. म्हणून भरायचं ०.७. पहिल्या नाकपुडीत दट्ट्या ०.३ च्या खुणेपर्यंत दाबायचा: त्यातलं ०.१ फवाऱ्याचं पोट भरायला जातं आणि ०.३ आत पोचतं. मग दुसऱ्या नाकपुडीत उरलेलं ०.३. एका नाकपुडीत इतकंच बरं. अर्ध्या मिलीच्या पुढं गेलं की ते घशात उतरतं, पोर तोंड वाकडं करून गिळतं, आणि गिळलेलं औषध पुन्हा यकृताच्या तावडीत.

हीच या पद्धतीची मर्यादाही आहे. पन्नास किलोच्या नववीतल्या मुलाला ७५ मायक्रोग्रॅम लागतील, म्हणजे दीड मिली, नाकपुडीला पाऊण. पर्थच्या त्या अभ्यासात तिप्पट तीव्रतेचं औषध होतं. आपल्याकडे आहे तेच पातळ वापरायचं, तर दोन हप्त्यांत, मधे जरा थांबून द्यावं लागतं. मोठ्या मुलांची शीर सापडतेही लवकर, तेव्हा त्यांच्यासाठी मी फवाऱ्याचा आग्रह धरत नाही.

सिरिंज एक मिलीची, शंभर खुणांची. इन्सुलिनची सिरिंज तशीच दिसते, पण तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात, आपल्याकडे बहुधा चाळीसपर्यंत. घाईत तिच्यावरचा आकडा मिली समजून वाचला की झालं. एकदा ट्रेमध्ये त्या दोन्ही शेजारी ठेवलेल्या दिसल्या, तेव्हा इन्सुलिनच्या मी काढून दुसऱ्या कप्प्यात टाकल्या. तेवढ्यावरून सहकारी सिस्टर रागावली, पण ट्रे तसाच ठेवला.

आजी हे सगळं बघत होती.

"नाकात? सर्दीची दवा हाय का वं?"

मी म्हणाले, "नाही आजी, दुखण्याची. नाकातून लवकर पोचते."

बापाला मात्र फवारा बघताच समजलं. तो कपाशीवर फवारणी करणारा माणूस. पंपाचं नोझल त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. "दाब कमी पडला तं थेंब पडतात न मॅडम, फवारा नाई होत," तो म्हणाला. अगदी हेच मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते, आणि त्या हळुवार हातानं, मुलाला त्रास नको म्हणून, सावकाश दाबतात. सावकाश दाबलं की धुकं होत नाही, धार होते, आणि धार घशात जाते. झटक्यात दाबायचं.

त्याचं नाक मी आधी पुसून घेतलं. रडून रडून शेंबूड आलेला, तो तसाच ठेवला तर औषध शेंबडावर बसतं. पाठ उशीवर अर्धी उंच. फवाऱ्याचा शंकू नाकपुडीत घट्ट बसवला, टोक त्याच बाजूच्या कानाच्या वरच्या कडेकडे. मधल्या पडद्याकडे नाही. तीन वाजून पंचावन्न. एक, दोन. तो शिंकला नाही, नुसता डोळे मिटून दातावर दात धरून बसला. मग म्हणाला, "कडू हाय."

इथपर्यंतचं काम दिसतं, म्हणून लोकांना तेच काम वाटतं. आता घड्याळ लावायचं. फेंटानिलचा परिणाम दोन ते पाच मिनिटांत सुरू होतो, दहाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, अर्धा ते एक तास टिकतो. त्या तासाला आम्ही पाच-पाच मिनिटांनी कागदावर चार गोष्टी लिहितो: श्वास मोजून, ऑक्सिजन, जागेपणा, आणि वेदनेचा चेहरा. श्वास मशीनवरचा नाही. पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजायचा. रडत असताना मोजता आला नव्हता, पस्तीसच्या वर असावा. चारला २८. चार-पाचला २४, आणि त्यानं बोट चौथ्या चेहऱ्यावर ठेवलं. सहा. आवाज थांबला होता.

दहा मिनिटांनी वेदना सहावर असेल तर दुसरी मात्रा देता येते, पहिल्याच्या निम्मी. चार वाजून सात मिनिटांनी मॅडमनी किलोला ०.७५, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम सांगितलं. ०.३ मिली, नाकपुडीला ०.१५. फवारा तोच होता, त्याचं पोट भरलेलं होतं, म्हणून आता वरचं ०.१ घ्यायचं नाही. ते घेणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू. पहिल्या वेळी कमी जातं, दुसऱ्या वेळी जास्त. मॅडम वाट बघत होत्या की मी विसरते का. मी विसरले नाही.

"नाक खाजवून ऱ्हायला," आजी म्हणाली. खाजवतोच. या औषधानं नाकाला खाज सुटते, ही ॲलर्जी नव्हे, पण आजीला आधी सांगितलेलं बरं, नाही तर ती ओल्या पदरानं नाक पुसत बसते आणि पोर जागं राहतं, जे खरं तर मला हवंच असतं.

चार-बाराला त्याचं बोट दुसऱ्या चेहऱ्यावर. दोन. तो मला म्हणाला, चिंचा खिशात आहेत, आजीला देऊ नका. तेव्हा मी त्याच्या दुसऱ्या हाताला शीर घेतली, एका टोच्यात मिळाली. शांत पोराची शीरही शांत असते. मग हाडांच्या डॉक्टरांनी फळी सोडवली आणि कोपर होतं त्याच स्थितीत कापसाची गादी लावून प्लास्टरची पट्टी बांधली, ताण न देता. नाडी पुन्हा पाहिली. तशीच. बोटांचा गोल पुन्हा केला, हसत.

पट्टी बसली आणि तो झोपला.

इथं मला माझी जुनी नोकरी आठवते. गावाचं आणि दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथं अकरा वर्षांची मुलगी आली होती, पुढच्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली. वजन मोजलं होतं, मात्रा बरोबर होती, फवारा बरोबर होता. दहा मिनिटांत रडं थांबलं. कॅज्युअल्टी भरलेली होती, रांगेत एक छातीत दुखणारा माणूस होता, आणि ही मुलगी शांत होती. मी तिला वॉर्डबॉयबरोबर एक्स-रेला पाठवून दिलं. शांत माणूस सुरक्षित, असं मला वाटलं. ऑक्सिजन बघायचं बोटाचं यंत्र त्याच कॉटला लावलेलं राहिलं.

एक्स-रेच्या दारात ती झोपली. टेक्निशियननं बघितलं की ओठ जरा निळसर आहेत आणि तोंड उघडं आहे, आणि तो ओरडला. मी धावत गेले तेव्हा ती मिनिटाला आठ श्वास घेत होती. हनुवटी वर उचलली, नाव घेऊन हाका मारल्या, खांदा दाबला. डोळे उघडले, परत मिटले. ॲम्बू बॅगनं तीन-चार मिनिटं श्वास दिले. नॅलोक्सोन थोडं थोडं दिलं गेलं. ती उठली, रडली, आणि ते रडणं ऐकून मी भिंतीला टेकले.

नंतर तिच्या बापाच्या खिशातून चिठ्ठी निघाली. आमच्याकडे येण्याआधी रस्त्यातल्या एका डॉक्टरांनी तिला दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं, पेंटाझोसिन, आणि बरोबर प्रोमेथाझिन. आपल्याकडे ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. पेंटाझोसिन स्वतः एक ओपिऑइड, आणि फेंटानिल जिथं बसतं तिथंच तेही बसतं. प्रोमेथाझिन झोप आणतं, आणि फेंटानिलच्या झोपेवर झोप चढवतं. आधी कुठं काही दिलं का, असा प्रश्न आम्ही विचारला होता. बाप म्हणाला, नाही, नुसती सुई दिली. त्याच्या मनात सुई आणि औषध वेगळं. चूक त्याची नव्हती. आता मी विचारते, "कुठं थांबलात का? सुई लावली का? चिठ्ठी दाखवा." तीन प्रश्न वेगळे विचारते. चिठ्ठीवर नुसतं "इंजेक्शन दिले" असेल तर फोन नंबर शोधून फोन करते, आणि कळलं नाही तर मॅडमना सांगते की कळलं नाही.

त्या घटनेपासून एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली. दुखणं हेच लहान मुलाला जागं ठेवतं. फेंटानिलनं अर्धं दुखणं जातं, पट्टी बसली की उरलेलंही जातं, आणि आत औषध मात्र तेवढंच असतं. जागं ठेवणारं गेलं, झोपवणारं उरलं. दुखत असताना जी मात्रा बेताची होती, ती दुखणं गेल्यावर जास्तीची होऊ शकते. म्हणून पट्टी बसल्यावरची पंधरा मिनिटं मी कुणाला देत नाही.

तेव्हा तो झोपला, आणि मी स्टूल ओढून बसले. चार-पंचवीस. श्वास मोजला. १४. मान पुढं झुकलेली, हनुवटी छातीवर, बारीक घोरणं. यंत्र ९५ दाखवत होतं. मास्क लावला नव्हता, आणि ते बरं होतं. ऑक्सिजन लावलेल्या मुलाचा आकडा ९९ वर बसून राहतो, श्वास मिनिटाला दहावर आला तरी बसून राहतो, आणि मग एकदम खाली येतो. म्हणून ज्याला ऑक्सिजनची गरज नाही, त्याला मी नुसता "असू दे" म्हणून तो लावत नाही. लावला तर मग आकड्याकडे बघायचं सोडून छातीकडेच बघायचं.

मी त्याच्या खांद्याखाली घडी केलेली चादर सरकवली, हनुवटी वर आली, घोरणं थांबलं. "ए बाळा, तुझ्या चिंचा कुठंयत?" डोळे उघडले. "खिशात." परत मिटले. हाकेला उघडतो आणि परत मिटतो, म्हणजे आमच्या तक्त्यात दोन. हलवूनही उघडले नसते, किंवा श्वास बाराच्या खाली गेला असता, तर मॅडमना हाक मारून ॲम्बू बॅग हातात घ्यायची. नॅलोक्सोन त्यानंतर. आधी श्वास द्यायचा, मग औषध भरायचं, हा क्रम उलटा झाला की वेळ जातो. नॅलोक्सोनचा हिशेब मी पट्टीच्या तुकड्यावर लिहून कॉटच्या दांडीला चिकटवला होता: किलोला १० मायक्रोग्रॅम, २०० मायक्रोग्रॅम, ०.४ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलमधून अर्धा मिली. हा आकडा घाबरलेल्या हातानं काढायचा नसतो, शांतपणे आधी काढून ठेवायचा.

चार-तीसला १८, यंत्रावर ९७. चार-चाळीसला एक्स-रे. मी बरोबर गेले. ट्रॉलीवर ॲम्बू बॅग, बोटाचं यंत्र, नॅलोक्सोन. वॉर्डबॉय दादा म्हणाले, "सिस्टर, हाताच्या एक्स-रेला हा सगळा संसार?" मी म्हणाले, हो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, ते माझ्याबरोबर बऱ्याच वर्षांपासून आहेत. परत येताना पोरगा जागा झाला आणि शूला जायचं म्हणाला. खाली उतरू दिलं नाही. चक्कर येते, मोडलेल्या हातावर पुन्हा पडतात. बाटली दिली, आजीनं दुपट्ट्याचा आडोसा केला.

पाच-सातला दुसऱ्या मात्रेला तास झाला. पूर्ण जागा, श्वास २०, वेदना दोन. तास पहिल्या मात्रेपासून मोजत नाहीत, शेवटच्यापासून मोजतात, आणि घरी जाणारं पोर असेल तरी त्या तासाआधी सोडत नाहीत. हा तर घरी जाणार नव्हता. हाड सरकलेलं होतं, तारा टाकायला ऑपरेशन होतं. मी भूल देणाऱ्या मॅडमना सांगितलं: तीन-पंचावन्नला ३०, चार-सातला १५, पट्टीनंतर एकदा झोपला होता, हाकेला उठत होता. त्यांनी विचारलं, आधी कुठं काही? मी म्हणाले, कुठंच नाही, तीनदा विचारलंय.

ऑपरेशनचे कपडे घालताना खिशातून चिंचा निघाल्या, पाच, त्यातल्या दोन चेपलेल्या. त्यानं त्या माझ्याकडे दिल्या, आजीकडे नाही. दुपारी काय खाल्लं या प्रश्नाला "काहीच नाही" म्हणालेला हा मुलगा झाडावर बसून किती खाऊन बसला होता, ते मला आत्ता विचारावं लागलं, कारण भूल देणाऱ्यांना ते हवं असतं. "चार," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सहा."

मग रजिस्टर. ॲम्प्यूलमध्ये १००. मुलाला गेले ४५. फवाऱ्याच्या पोटात ५. दुसऱ्या सिरिंजमध्ये नाव-वेळ चिकटवून ठेवलेलं एक मिली उरलं, म्हणजे ५०, ते मॅडमच्या समोर टाकलं. फुटलेली काच पिशवीत जात नाही, फार्मसीला परत जाते, तिथं ती मोजली जाते. मी तीन आकडे एकाखाली एक लिहिले, बेरीज शंभर आली, सही केली. खाली मॅडमची सही, वेळ पाच-चाळीस. चिंचा मी टेबलाच्या खणात ठेवल्या, वर चिठ्ठी लावली, बेड नंबर लिहून, म्हणजे रात्रपाळीची सिस्टर खाऊन टाकणार नाही.